वजनच नाही तिथे वजन उचलायचं कसं?

१ जून १९७० ला सोविएत संघाचं सोयूझ ९ हे यान दोन जणांना घेऊन निघालं. आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव. यान छोटं, काम भरपूर आणि मुक्काम तोवरचा सगळ्यात मोठा, जवळजवळ अठरा दिवसांचा. मधल्या एका दिवशी त्यांनी जमिनीवरच्या सहकाऱ्यांशी रेडिओवरून बुद्धिबळाचा डावही खेळला. तो बरोबरीत सुटला. १९ जूनला ते कझाकस्तानात सुखरूप उतरले. मदतीला आलेल्या लोकांनी यानाचं झाकण उघडलं, तेव्हा दोघं शुद्धीत होते, बोलत होते. पण त्यांना उभं राहता येईना. दोघांनाही उचलून बाहेर काढावं लागलं. पुढचे काही दिवस त्यांना स्वतःचं शरीर अतिशय जड वाटत होतं. उभं राहिलं की नाडी धावायची आणि चालताना तोल जायचा.

आता दुसरं चित्र बघा. २२ मार्च १९९५. डॉक्टर असलेले वालेरी पोल्याकोव मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहून परतले. यानातून बाहेर आल्यावर ते थोड्या आधाराने स्वतःच्या पायांनी जवळच्या खुर्चीपर्यंत चालत गेले.

मुक्काम जवळपास पंचवीसपट लांबला आणि माणूस उलट जास्त धडधाकट उतरला. मधल्या पंचवीस वर्षांत काय शिकलो, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका शब्दात मिळतं: 'व्यायाम'. माझं संशोधन हाडांवर पडणाऱ्या भाराबद्दलचं आहे, म्हणून मला हे उत्तर अर्धवट वाटतं. पोल्याकोव चालले हे खरं. पण मीरवर रोज नेमाने व्यायाम करणाऱ्या अंतराळवीरांची हाडं तरीही झिजत होती. स्नायूंना जे पुरलं ते हाडांना पुरलं नाही. ते का, आणि मग काय केलं, याची ही गोष्ट आहे.

आधी पाण्याचं बघू

एक गैरसमज दूर करू या. अवकाश स्थानक जिथे फिरतं, त्या साधारण ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जवळपास ९० टक्के शिल्लक असतं. तरीही माणूस तरंगतो, कारण तो आणि स्थानक दोघंही पृथ्वीभोवती सतत एकत्र 'पडत' असतात. पायाखालची जमीनच बरोबर पडते आहे म्हटल्यावर ती पायाला दाबणार कशी? शरीराच्या दृष्टीने वजन नाहीसं होतं. यालाच सूक्ष्मगुरुत्व म्हणतात.

पहिला परिणाम काही तासांतच दिसतो. आपण उभे असताना रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. हृदय, शिरांमधल्या झडपा आणि पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात. वजन गेलं की खालची ओढ थांबते. पायांतला एक ते दोन लिटर द्रव छातीत आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदतं आणि पाय काटकुळे होतात.

शरीराला यातून चुकीचा निरोप मिळतो. छातीजवळच्या मोठ्या शिरा भरलेल्या दिसल्या की 'द्रव जास्त झाला' असं ते धरून चालतं. तहान कमी होते आणि थोड्याच दिवसांत रक्तातला द्रव साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटतो. जोवर माणूस कक्षेत आहे तोवर हे सोयीचंच आहे. अडचण येते ती परतल्यावर. आहे तेवढं रक्त पुन्हा पायांकडे धावतं, मेंदूला कमी पडतं आणि उभं राहिलं की भोवळ येते. सोयूझ ९ च्या दोघांची नाडी धावत होती, ती बऱ्याच अंशी यामुळे.

यावरचे उपाय आज ठरून गेले आहेत. उतरण्याआधी अंतराळवीर मीठ आणि पाणी घेतात, म्हणजे घटलेला द्रव थोडा भरून निघतो. पाय आणि पोट आवळून धरणारा पोशाख घालतात, म्हणजे रक्त खाली साचत नाही. रशियन अंतराळवीर परतण्याआधीच्या दिवसांत 'चिबीस' नावाची विजार घालून सरावही करतात. ही विजार कमरेभोवती घट्ट बसते आणि तिच्या आतली हवा थोडी ओढून घेतली जाते. दाब कमी झाला की रक्त पायांकडे खेचलं जातं आणि हृदयाला पृथ्वीवरच्या उभं राहण्याची आठवण होते.

स्नायू: पळा, पण कशाच्या जोरावर?

सोयूझ ९ नंतर सोविएत डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. १९७१ च्या साल्युत १ या पहिल्या स्थानकावर त्यांनी पळायचा पट्टा पाठवला आणि 'पेंग्विन' नावाचा पोशाख दिला. या पोशाखात लवचिक पट्टे शिवलेले असतात. ते खांदे आणि पाय एकमेकांकडे ओढतात, त्यामुळे सरळ राहायला स्नायूंना दिवसभर काम करावं लागतं.

पट्ट्यावर पळायचं तर माणूस पट्ट्याला चिकटून राहायला हवा. नाहीतर पहिल्याच पावलाला तो छताकडे जाणार. म्हणून कमरेला आणि खांद्यांना पट्टे बांधून लवचिक दोऱ्यांनी त्याला खाली ओढून धरलं. झालं असं, की पळण्याच्या हादऱ्यांनी अख्खं स्थानकच हलायला लागलं. बाहेरचे सौर पंख फडफडले. ही अडचण पुढे प्रत्येक स्थानकावर आली. आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकावरची व्यायामाची यंत्रं म्हणूनच हादरे शोषणाऱ्या आधारांवर बसवलेली असतात.

साल्युत १ वर २३ दिवस राहिलेले दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव परत येताना यानातली हवा निसटून मरण पावले. त्यांच्या शरीरावर मुक्कामाचा काय परिणाम झाला आणि उपाय कितपत लागू पडले, हे तपासायला कोणी उरलंच नाही. तो प्रश्न खऱ्या अर्थाने मोजला गेला तो अमेरिकेच्या स्कायलॅबवर, १९७३-७४ मध्ये.

स्कायलॅबवर तीन जणांच्या तीन तुकड्या राहिल्या: २८, ५९ आणि ८४ दिवस. योगायोगाने हा एक छान प्रयोगच झाला, कारण दर खेपेला व्यायामाची साधनं वाढत गेली. पहिल्या तुकडीकडे फक्त एक जागेवरची सायकल होती. तिने हृदय आणि फुप्फुसं ठीक राहिली, पण पाय सरळ करण्याची ताकद जवळपास पाव भागाने घटली. का? सायकलला पायांच्या वजनाइतकाही जोर लागत नाही. दम लागतो, पण मांडीला आणि पोटरीला पृथ्वीवर जिना चढताना जो भार झेलावा लागतो, तो तिथे येत नाही.

दुसऱ्या तुकडीला दोरी ओढायची साधनं मिळाली. तिने हात आणि पाठ सावरली, पाय फारसे नाहीत. तिसऱ्या तुकडीसाठी विल्यम थॉर्नटन या डॉक्टर-अंतराळवीराने एक अगदी साधी युक्ती काढली. टेफ्लॉनचा लेप दिलेला एक गुळगुळीत पत्रा, खांद्याला आणि कमरेला बांधलेले पट्टे, आणि त्यांना जमिनीकडे ओढणाऱ्या जाड लवचिक दोऱ्या. मोजे घालून त्या पत्र्यावर पाय घसरवत चालायचं. ओढ इतकी जबर होती, की चढणीवर चालल्यासारखं व्हायचं आणि पोटऱ्या काही मिनिटांतच भरून यायच्या. ही तुकडी सगळ्यात जास्त काळ, ८४ दिवस, राहिली आणि तिच्याच पायांची ताकद सगळ्यात कमी घटली.

दिवस तिप्पट आणि नुकसान कमी. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: स्नायूला किती वेळ हालचाल केली यापेक्षा किती भार झेलला हे जास्त कळतं. पोटरी, मांडीचा पुढचा भाग आणि पाठीचा कणा धरून ठेवणारे स्नायू हे आपल्याला दिवसभर उभं ठेवणारे स्नायू. अवकाशात सगळ्यात आधी तेच बेकार होतात. त्यांना भार परत दिला की ते बऱ्यापैकी टिकतात. पुढे सोविएत स्थानकांवर रोज दोन-दोन तास पट्ट्यावर पळण्याचा आणि पट्टे ओढण्याचा नेम ठरला. पोल्याकोव खुर्चीपर्यंत चालत गेले ते या नेमाच्या जोरावर.

हाडांचा हिशोब मात्र जुळेना

स्कायलॅबवर आणखी एक काम झालं, थोडं किळसवाणं पण अतिशय मोलाचं. अंतराळवीरांनी खाल्लेला प्रत्येक घास मोजला गेला आणि त्यांची लघवी व विष्ठा तपासणीसाठी जपून ठेवली गेली. आत किती कॅल्शियम गेलं आणि बाहेर किती आलं, याचा जमाखर्च मांडायचा होता. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. खर्च जमेपेक्षा जास्त निघाला, तर फरक हाडांतून येतोय असं समजायचं.

खर्च जास्तच निघाला. मुक्काम सुरू झाला की लघवीतलं कॅल्शियम वाढायचं आणि चढंच राहायचं. तिसऱ्या तुकडीचे पाय ज्या युक्तीने वाचले, त्याच युक्तीने हे थांबलं नाही. वीस वर्षांनी मीरवर मोजमाप आणखी नेमकं झालं. उड्डाणाआधी आणि नंतर हाडांची घनता तपासली, तेव्हा कणा आणि कमरेच्या सांध्याजवळची हाडं महिन्याला साधारण एक ते दीड टक्का झिजताना दिसली. तुलनेसाठी सांगते: रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं साधारण एवढीच झिजतात, पण वर्षभरात.

झीज सगळीकडे सारखी नव्हती, हे लक्षात घ्या. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, ओटीपोट आणि कणा यांना जास्त फटका बसला. हातांना फारसा नाही. म्हणजे पृथ्वीवर जी हाडं वजन पेलतात, तीच झिजली. कारण फक्त आहारात कॅल्शियम कमी असतं, तर सगळा सांगाडा सारखाच झिजला असता.

हाड ही मेलेली, दगडासारखी वस्तू नाही. त्यात सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या नवं बांधतात. या दोघींना हुकूम देणाऱ्या पेशी हाडाच्या आतच गाडलेल्या असतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. त्यांचे बारीक हात केसाहून अरुंद नळ्यांमधून एकमेकांपर्यंत पोहोचलेले असतात आणि त्या नळ्यांत द्रव असतो. आपण पाऊल टाकलं की हाड अगदी किंचित वाकतं आणि त्या नळ्यांतला द्रव ढकलला जातो. ऑस्टिओसाइटला भार 'कळतो' तो या ढकलीतून. ढकल मिळत राहिली तर ती बांधणाऱ्या पेशींना काम करू देते. ढकल थांबली की ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडते आणि बांधकामाला लगाम बसतो. मोडतोड करणाऱ्या पेशींचं काम चालूच असतं, उलट वाढतं. सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं. वाटेत ते मूत्रपिंडात साचून खडा होण्याचा धोकाही वाढवतं.

इथे हाड आणि स्नायू यांच्यातला फरक कळतो. हाड वाकायला जोर लागतो आणि तो झटक्याने लागतो. पट्ट्यावर पळणाऱ्याला दोऱ्यांनी खाली ओढलं, तरी खांद्याला आणि कमरेला ते पट्टे फार काचतात. त्यामुळे बहुतेक जण पूर्ण वजनाच्या तीन-चतुर्थांश ओढीतच पळतात. स्नायूंना आणि हृदयाला ते पुरतं. कमरेच्या हाडाला मात्र वाटतं की मालक अजून आजारी पडून आहे.

एका बैठकीचं गणित

आंतरराष्ट्रीय स्थानक सुरू झालं तेव्हा तिथे वजन उचलण्याचं एक यंत्र होतं. त्याचं संक्षिप्त नाव आयरेड. वजनाच्या जागी त्यात रबरासारख्या लवचिक चकत्या होत्या आणि कमाल ओढ साधारण १३६ किलोइतकी. ऐकायला भरपूर वाटते. पण एक उदाहरण करून बघू.

समजा, ८० किलो वजनाचा अंतराळवीर पृथ्वीवर खांद्यावर ८० किलोची दांडी घेऊन बैठका मारतो. त्याचे पाय फक्त दांडी उचलत नाहीत. पोटऱ्यांच्या वरचं सगळं शरीरही उचलतात. ते साधारण ६० किलो धरा. म्हणजे पायांवर आणि कमरेवर एकूण १४० किलोचा भार. आता त्याला कक्षेत पाठवा. तिथे शरीराचं वजन शून्य. यंत्र ८० वर लावलं, तर पायांना मिळतात फक्त ८०. तोच व्यायाम होण्यासाठी यंत्र १४० वर लावावं लागेल, आणि आयरेड १३६ लाच संपतं. म्हणजे पृथ्वीवरचा एक मध्यम व्यायाम हीच त्याची कमाल मर्यादा होती. शिवाय रबर जितकं ताणाल तितका जोर वाढतो आणि सोडताना ते तेवढ्याच जोराने परत ओढत नाही. स्नायू आणि हाड दोघांनाही वजन सावकाश खाली आणण्याचा टप्पा महत्त्वाचा असतो, आणि तोच इथे कमकुवत पडला. आयरेड वापरणाऱ्यांची हाडं झिजत राहिली.

नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच्या जागी नवं यंत्र गेलं, एरेड. त्याची कल्पना मला फार आवडते. यात दोन नळकांडी आहेत आणि त्यांतली हवा काढून घेतलेली असते. दट्ट्या ओढायचा तर बाहेरच्या हवेच्या दाबाविरुद्ध ओढावा लागतो. पोकळीचा दट्ट्या कितीही बाहेर ओढला तरी हवेचा दाब तेवढाच राहतो. त्यामुळे जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखा मिळतो, अगदी लोखंडी वजनासारखा. जोडीला फिरती चाकं आहेत. खरं वजन हलवायला सुरुवात करताना जो जडपणा जाणवतो, त्याची नक्कल ती करतात. आणि कमाल मर्यादा सुमारे २७२ किलो. आपल्या उदाहरणातल्या माणसाला १४० लावून पुढे वाढवायला भरपूर जागा उरते.

२०१२ साली एरेड वापरणाऱ्या पाच जणांची तुलना आधीच्या आयरेड वापरणाऱ्यांशी करून निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरेसं खाणं आणि ड जीवनसत्त्व मिळालेल्या या पाच जणांच्या हाडांची घनता बऱ्याच भागांत टिकून राहिली. चार दशकांत पहिल्यांदाच असं दिसलं. आज स्थानकावर दिवसाचे साधारण अडीच तास व्यायामासाठी राखून ठेवतात. त्यात यंत्र लावणं, कपडे बदलणं, घाम पुसणंही आलं. पट्टा हृदयासाठी, एरेड हाडांसाठी, असं थोडक्यात म्हणता येईल.

टिकलं म्हणजे पूर्वीसारखं राहिलं का?

त्याच अभ्यासात एक बारकावा होता, जो मथळ्यांत आला नाही. एरेडने हाडाची मोडतोड थांबवली नव्हती. ती तेवढीच वाढलेली होती. फक्त बांधकामही वाढलं, म्हणून बेरीज जुळली. घराच्या एका बाजूच्या विटा काढून दुसऱ्या बाजूला लावल्या तर एकूण विटा तेवढ्याच राहतात, पण घर तेच राहत नाही.

हाडाच्या आतली जाळी बघितली की हे समजतं. मांडी-पोटरीच्या हाडांच्या टोकांत बारीक काटक्यांची जाळी असते. काटकी बारीक झाली तर पुन्हा जाड होऊ शकते. पण ती मधेच तुटून गेली, तर नवीन काटकी त्या जागी उभी करायला आधारच उरत नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या स्टीव्हन बॉइड यांच्या गटाने अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडाचे अतिशय बारकाईने काढलेले त्रिमितीय स्कॅन तपासले. उतरल्यानंतर वर्षभराने त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांचं हाड पूर्ववत झालेलं नव्हतं. सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्यांची भरपाई सगळ्यात कमी. हे निष्कर्ष २०२२ चे आहेत.

म्हणून दुसरा मार्ग मोडतोडच रोखण्याचा. हाडांच्या ठिसूळपणावर वयस्कर लोकांना दिलं जाणारं अ‍ॅलेन्ड्रोनेट हे औषध काही अंतराळवीरांनी आठवड्याला ७० मिलिग्रॅम घेतलं, एरेडच्या व्यायामासोबत. झीज कमी झालीच, पण लघवीतलं कॅल्शियमही आटोक्यात राहिलं. एकट्या व्यायामाने जे जमत नव्हतं ते हे होतं.

आणि एका गोष्टीला अजून व्यायामाचा उपाय सापडलेला नाही. २०११ मध्ये सहा महिने राहून आलेल्या सात अंतराळवीरांच्या डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. पाच जणांच्या दृष्टीच्या नसेच्या मुळाशी सूज होती. काहींच्या डोळ्याच्या गोलाचा मागचा भाग सपाट झाला होता आणि जवळचं वाचायला चष्मा लागू लागला होता. याचं मूळ पुन्हा पहिल्या दिवशी डोक्याकडे सरकलेल्या द्रवात असावं असं मानलं जातं. पृथ्वीवर आपण रोज उठतो, उभे राहतो आणि डोक्यातला दाब उतरतो. तिथे तो उतरण्याची वेळच येत नाही. बैठकांनी हाडाला पाऊल टाकल्याची आठवण करून देता येते, पण डोक्याला 'आता उभा राहिलास' असं सांगणारं सोपं साधन अजून नाही. चिबीससारखी विजार रोज काही तास घातली तर डोळ्यांना फायदा होईल का, हे म्हणूनच तपासलं जातंय. सोविएत डॉक्टरांनी भोवळ येऊ नये म्हणून बनवलेली जुनी विजार आता डोळ्यांसाठी बाहेर काढावी लागली आहे.